पहिल्यांदा लेडीज डॉक्टरकडे जाताना चिठ्ठीत काय लिहायचं?

प्रश्न: मी २२ वर्षांची, लग्न झालेलं नाही. गाव परभणी जिल्ह्यात, सध्या संभाजीनगरला राहून पोलीस भरतीची तयारी करते. सहा महिने झाले, पाळीचा काही नेम नाही. कधी दीड-दीड महिना येत नाही, आली की दहा-बारा दिवस जाते, मधेच डाग पडतात. नवरात्रात तुळजापूरला जायचं होतं म्हणून मेडिकलवरून पाळी लांबवायच्या गोळ्या घेतल्या, तेव्हापासूनच हे सुरू झालं असं वाटतं. आता पहिल्यांदाच लेडीज डॉक्टरकडे जाणार, आई सोबत असेल. समोर बसून बोलायला जमणार नाही म्हणून चिठ्ठी लिहून नेते. दोन पानं झाली, पण नीट लिहिलंय का कळत नाही. काय असायला हवं त्यात?

उत्तर:

दोन पानं लिहिलीत ते चांगलंच झालं, पण ती तशीच्या तशी डॉक्टरच्या हातात देऊ नका. गर्दीच्या ओपीडीत ती वरवर चाळली जातील आणि कामाची ओळ नेमकी सुटेल. त्या दोन पानांतून एक अर्ध्या पानाची चिठ्ठी काढायची आहे, आणि तिचा मोठा भाग तारखांचा असायला हवा.

कारण असं आहे. ‘पाळीचा नेम नाही’ या एका वाक्यात निदान तीन वेगवेगळ्या तक्रारी बसतात. पहिली, पाळी लांबते आणि आली की थांबत नाही. दुसरी, पाळी अगदी तारखेला येते, पण दोन पाळ्यांच्या मधे रक्त किंवा डाग दिसतात. तिसरी, तारीखही बरोबर आणि दिवसही पाचच, पण जातं फार, आणि हे पहिल्या पाळीपासूनच तसं आहे. पहिलीत बहुतेक वेळा अंडाशयातून बीज बाहेर पडत नसतं. दुसरीत गर्भपिशवीच्या तोंडाशी किंवा अस्तरात काही आहे का, जंतुसंसर्ग आहे का, हे बघावं लागतं. तिसरीत रक्त गोठण्याचाच दोष आहे का, अशी शंका घ्यावी लागते. तिन्हींच्या तपासण्या वेगळ्या, औषधं वेगळी. यांतली तुमची कोणती, हे सोनोग्राफीआधी तारखा सांगतात.

मोबाइलचं कॅलेंडर घ्या आणि मागे जात जात आठवा. नेमकी तारीख आठवत नसेल तर तिला काहीतरी टेकू शोधा: दसरा, दिवाळी, संक्रांत, चाचणी परीक्षा, गावाकडचं लग्न, पॅड आणले त्या दिवसाचं ऑनलाइन पेमेंट. एका दिवसाचा फरक पडला तरी चालतो, मात्र ‘साधारण १८’ असं लिहा. मोजताना पाळी सुरू झाल्याच्या दिवसापासून पुढची सुरू झाल्याच्या दिवसापर्यंत मोजा. बऱ्याच मुली पाळी संपल्यापासून मोजतात आणि मग २८ दिवसांची पाळी २२ दिवसांची वाटू लागते. २४ ते ३८ दिवसांचं अंतर आणि ८ दिवसांपर्यंतचा रक्तस्राव हे नेहमीच्या हद्दीत धरलं जातं. तुमच्या वयात सगळ्यात छोट्या आणि सगळ्यात मोठ्या अंतरात ९ दिवसांपर्यंत फरक असला तरी त्याला अनियमित म्हणत नाहीत.

तुम्ही तारखा दिलेल्या नाहीत, म्हणून तुमच्या वर्णनाला जुळेल असं एक उदाहरण मांडून दाखवते. समजा कॅलेंडर असं निघालं: २८ ऑगस्टला नेहमीसारखी पाळी, ५ दिवस. २२ सप्टेंबर ते १ ऑक्टोबर पाळी लांबवायच्या गोळ्या. ४ ऑक्टोबरला रक्तस्राव, ६ दिवस. १८ नोव्हेंबरला पाळी, १२ दिवस. डिसेंबरच्या मध्यात दोन-तीन दिवस डाग. २ जानेवारीला पाळी. थांबेना म्हणून ९ ते १३ जानेवारी मेडिकलवरून पुन्हा गोळ्या, ११ला थांबली. १६ जानेवारीला परत रक्त, ५ दिवस. फेब्रुवारीच्या सुरुवातीला डाग. २७ फेब्रुवारीला पाळी, ११ दिवस.

घरच्यांना यात दिसतं ते असं, की ‘जानेवारीत दोनदा पाळी आली, डिसेंबरात आलीच नाही, कधीही येते’. डॉक्टर आधी गोळ्यांनी आणलेलं रक्त बाजूला काढते. पाळी लांबवायला दिली जाणारी गोळी म्हणजे बहुतेक वेळा नॉरएथिस्टेरॉन ५ मिलिग्रॅम. ती चालू असेपर्यंत अस्तर धरून ठेवते. बंद केली की दोन-तीन दिवसांत, क्वचित आठवड्याने, अस्तर सुटतं. म्हणजे ४ ऑक्टोबरचा आणि १६ जानेवारीचा रक्तस्राव शरीराने आपणहून आणलेला नाही, तो गोळी थांबल्याचा परिणाम. ते दोन वगळले तर स्वतःच्या पाळ्या उरतात तीन: १८ नोव्हेंबर, २ जानेवारी, २७ फेब्रुवारी. अंतर ४५ दिवस आणि ५६ दिवस, आणि दरवेळी दहा-बारा दिवस रक्त. कधीही येते असं वाटणारी पाळी प्रत्यक्षात लांबते आणि मग थांबत नाही. म्हणजे पहिली तक्रार. म्हणूनच चिठ्ठीत प्रत्येक गोळीचं नाव, सुरू केल्याची तारीख आणि बंद केल्याची तारीख हवी. पाकीट फेकलं नसेल तर त्याचा फोटो न्या. ‘गुलाबी गोळी होती’ यावरून काही कळत नाही.

लांबणं आणि मग न थांबणं एकत्र का येतं, तेही समजून घ्या. महिन्याच्या पहिल्या अर्ध्यात इस्ट्रोजेन अस्तर वाढवतं. बीज बाहेर पडलं की प्रोजेस्टेरॉन तयार होतं, ते अस्तराला घट्ट धरतं, आणि ते ओसरलं की सगळं अस्तर चार-पाच दिवसांत एकदम सुटून पाळी संपते. बीजच बाहेर पडलं नाही तर प्रोजेस्टेरॉन बनत नाही. अस्तर वाढतच राहतं, आणि शेवटी आज इथला तुकडा, उद्या तिथला, असं सुटत राहतं. मधले डागही त्यातलेच असू शकतात.

आता तुमचा संशय: नवरात्रातल्या गोळ्यांनी हे झालं का? दहा दिवसांच्या कोर्सने ती एक पाळी सरकते, फार तर पुढची थोडी मागेपुढे होते. सहा महिने घोळ राहण्याचं कारण तो कोर्स नसतो. त्यामुळे गोळीवर खापर फोडून तपास थांबवू नका. त्याच सुमारास आणखी काय बदललं ते शोधा आणि चिठ्ठीत लिहा. वजन किती कमी-जास्त झालं, किलोत. धावायला कधीपासून सुरुवात केली, रोज किती. मेसचं जेवण एक वेळच घेता का. चेहऱ्यावर हनुवटीखाली राठ केस, पिंपल, मानेवर काळपटपणा आला का. छाती दाबल्यावर दूध येतं का. फार कमी खाऊन खूप व्यायाम केला तर मेंदूकडून अंडाशयाला जाणारा निरोपच मंदावतो आणि पाळी लांबते, हे खरं. पण त्या प्रकारात पाळी बहुधा कमी जाते किंवा बंदच होते. बारा-बारा दिवस जाणं नुसतं ‘ग्राउंडमुळे’ म्हणून सोडून देऊ नये.

आणखी एक गोष्ट मुली लिहीतच नाहीत, कारण त्यांना ती पाळीशी संबंधित वाटत नाही: ॲसिडिटीची कॅप्सूल. बाहेर राहून खाणाऱ्या मुलामुलींमध्ये ती महिनोन्‌महिने रोज सकाळी घेतली जाते. तिच्यात पॅन्टोप्रॅझोल किंवा रॅबेप्रॅझोलसोबत बहुतेक वेळा डोमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड मिसळलेलं असतं. ही दोन्ही औषधं प्रोलॅक्टिन हे अंगावर दूध आणणारं हार्मोन वाढवतात, आणि प्रोलॅक्टिन वाढलं की बीज बाहेर पडणं अडतं. अशा मुलीची तपासणी केली की प्रोलॅक्टिन जास्त येतं. कॅप्सूलचं कुणी विचारलंच नसेल तर गोष्ट मेंदूच्या एमआरआयपर्यंत जाते. मानसिक आजाराच्या काही औषधांनीही असंच होतं. ती मात्र स्वतःहून बंद करायची नाहीत, ज्यांनी लिहून दिली त्यांना विचारूनच. आयुर्वेदिक काढा, वजनाची पावडर, जिममधलं सप्लिमेंट, सगळं लिहा.

किती जातं हे ‘खूप’ या शब्दाने कळत नाही. पॅड किती बदलले यानेही पूर्ण कळत नाही, कारण कुणी ओलं वाटलं की बदलते, तर कुणी संध्याकाळपर्यंत तेच ठेवते. ‘सगळ्यात जास्त गेलं त्या दिवशी पूर्ण भिजलेली ६ पॅड, रात्री एकदा उठावं लागलं, दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा मोठ्या गाठी दोनदा पडल्या’ असं लिहा. कपडा वापरत असाल तर कपड्याच्या घड्या सांगा, त्यात संकोच नको. आणि रक्त गेल्याचा परिणाम लिहा: ८०० मीटरला आधी लागत नव्हता तो दम लागतो का, जिना चढताना छाती धडधडते का, माती-बर्फ-खडू खावासा वाटतो का, केस गळतात का. सहा महिने असं रक्त गेल्यावर लोह कमी होणं अगदी सहज घडतं. हिमोग्लोबिन १२च्या खाली गेलं की रक्त कमी म्हणायचं, पण साठ्यातलं लोह त्याआधीच संपत आलेलं असतं. म्हणून हिमोग्लोबिन बरं आलं तरी दम लागत असेल तर फेरिटिन तपासायचं का, हे विचारा.

रक्त गोठण्याच्या दोषासाठी चार प्रश्नांची उत्तरं एका ओळीत द्या: पहिल्या पाळीपासूनच जास्त जायचं का, नाकातून वारंवार रक्त येतं का, दात काढल्यावर किंवा जखम झाल्यावर रक्त लवकर थांबलं नाही असं झालंय का, आईला किंवा मावशीला बाळंतपणात फार रक्त गेलं होतं का. सगळ्यांना ‘नाही’ असेल तर तेही लिहा. डॉक्टरला ‘नाही’ही तितकंच उपयोगी पडतं.

आणखी दोन माहित्या औषध निवडताना लागतात, त्यामुळे त्या आधीच लिहिलेल्या बऱ्या. डोकं दुखण्याआधी डोळ्यांसमोर चमकतं, नागमोडी रेषा दिसतात असं होतं का; आणि तुम्हाला किंवा घरात कुणाला पायाच्या शिरेत किंवा फुफ्फुसात रक्ताची गाठ झाली होती का. यापैकी काही असेल तर इस्ट्रोजेन असलेल्या हार्मोनच्या गोळ्या सहसा दिल्या जात नाहीत, दुसरा मार्ग घेतात. रक्तस्राव कमी करणारी ट्रानेक्झॅमिक ॲसिडची गोळीसुद्धा गाठीचा इतिहास असेल तर टाळतात. मेडिकलवाल्याने यातलं काही विचारलं नव्हतं, म्हणून पुन्हा तिथून गोळ्या आणू नका.

एवढ्यावरून आईसमोर उघडपणे देता येईल अशी चिठ्ठी साधारण अशी होईल:

‘वय २२, अविवाहित. पहिली पाळी १३व्या वर्षी. ऑगस्टपर्यंत २८–३० दिवसांनी, ५ दिवस. त्यानंतरच्या तारखा: (वरच्यासारखी यादी, गोळ्यांच्या तारखांसह). जास्तीत जास्त दिवसाला ६ भिजलेली पॅड, गाठी पडतात. पोटात दुखणं सहन होण्याइतकं. ऑगस्टपासून रोज धावते, वजन ५८वरून ५२. ॲसिडिटीची कॅप्सूल सप्टेंबरपासून रोज, फोटो सोबत. दम लागतो. नाकातून रक्त, गाठींचा आजार, अर्धशिशी नाही. आईला थायरॉइड आहे. आधीच्या तपासण्या नाहीत. मला सर्वांत जास्त काळजी: मैदानी चाचणी जवळ आली आहे, त्या दिवसांत रक्त जाऊ नये.’

शेवटची ओळ काढू नका. तुम्हाला नेमकं काय हवंय हे कळलं की डॉक्टर औषधाचं वेळापत्रक त्याप्रमाणे बसवू शकते.

आता दुसरी चिठ्ठी. ती वेगळ्या कागदावर, घडी करून, वर ‘फक्त डॉक्टरांसाठी, आईसमोर वाचू नये’ असं लिहून. तिच्यात दोन-तीनच ओळी लागतात: शारीरिक संबंध आले आहेत की नाहीत, आले असतील तर शेवटचे कधी, ७२ तासांच्या आत घ्यायची गोळी कधी आणि किती वेळा घेतली, संबंधानंतर रक्त येतं का, कुणी जबरदस्ती केली आहे का. संबंध नसतील तर ‘कधीच नाहीत’ एवढं लिहून सही करा. तीही कामाची माहिती आहे. आपत्कालीन गोळी वरचेवर घेणं हे मधल्या रक्तस्रावाचं एक नेहमीचं कारण आहे, आणि ते कळलं नाही तर उगाच बाकीचं सगळं तपासत बसावं लागतं. तुम्ही १८ पूर्ण केलेल्या आहात, तुमची संमती तुम्हीच देता आणि तुम्ही सांगितलेलं तुमच्या परवानगीशिवाय आईला सांगणं डॉक्टरला चालत नाही. कागद द्यायचं धाडस झालं नाही तर नर्सला म्हणा, ‘मॅडमशी एकटीला बोलायचंय’. आईला दोन मिनिटं बाहेर बसवणं हे रोजचं काम आहे, कुणाला त्याचं नवल वाटत नाही.

दुसऱ्या चिठ्ठीत काहीही लिहिलं तरी लघवीची गरोदरपणाची तपासणी बहुधा सांगतीलच. तो तुमच्यावर अविश्वास नाही. पाळी लांबली आणि मग रक्त गेलं, असं गर्भनलिकेतल्या गर्भातही होतं, आणि ते चुकलं तर जिवावर बेततं. म्हणून ती तपासणी सरसकट सगळ्यांची करतात. संबंध आले असतील तर शेवटच्या संबंधानंतर २१ दिवस उलटल्यावर निगेटिव्ह आलेल्या तपासणीवरच भरवसा ठेवा.

भेटीत पुढे काय होईल तेही सांगते, म्हणजे जाताना धसका राहणार नाही. वजन, बीपी, डोळ्यांच्या पापण्या, गळा, पोट तपासतील. रक्तात हिमोग्लोबिनसह सगळ्या पेशी, थायरॉइडसाठी टीएसएच आणि प्रोलॅक्टिन पहिल्या फेरीत पुरतं. चेहऱ्यावर केस असतील तर आणखी एखाददोन हार्मोन. संबंध आलेले नसतील तर आतली तपासणी करत नाहीत, सोनोग्राफी पोटावरूनच होते. तिच्यासाठी तासभर आधी चार-पाच ग्लास पाणी पिऊन लघवी रोखून धरावी लागते, नाहीतर पिशवी आणि अंडाशय नीट दिसत नाहीत. रक्त चालू असलं तरी सोनोग्राफी होते, त्यासाठी भेट पुढे ढकलू नका. कुठल्याही तपासणीला ‘ही कशासाठी’ असं विचारायचा आणि ‘नको’ म्हणायचा हक्क तुमचाच.

सोनोग्राफीच्या कागदावर दोन शब्द फार घाबरवतात. एक ‘पीसीओ’. अंडाशयात बारीक फुगे दिसले एवढ्यावरून तो आजार ठरत नाही. पाळीतलं अंतर, केस-पिंपल किंवा रक्तातले पुरुषी हार्मोन आणि सोनोग्राफी या तीनपैकी दोन गोष्टी जुळाव्या लागतात, आणि थायरॉइड व प्रोलॅक्टिन आधी वगळावं लागतं. वरच्या उदाहरणातल्या मुलीची कॅप्सूल आधी बंद करून प्रोलॅक्टिन पुन्हा बघितल्याशिवाय तिला पीसीओचा शिक्का मारणं घाईचं होईल. दुसरा शब्द ‘पिशवीला सूज’. आपल्याकडे हे ऐकलं की नात्यातली एखादी बाई लगेच पिशवी काढायच्या गोष्टी करते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या कशा काढल्या गेल्या, हा प्रश्न २०१९ मध्ये इतका पेटला की सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. बाविसाव्या वर्षी अनियमित पाळीसाठी पिशवी काढायचा सल्ला कुणी दिला, तर कागद उचला आणि दुसऱ्या डॉक्टरकडे जा.

भेटीची तारीख यायच्या आधीच दर तासाला एक पॅड पूर्ण भिजतंय आणि दोन तास झाले तरी तसंच चाललंय, चक्कर येऊन पडलात, किंवा पाळी लांबलेली असताना पोटाच्या एका बाजूला जोरात दुखतंय, असं झालं तर चिठ्ठीचा विचार सोडा. त्याच रात्री घाटी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा, गावी असाल तर १०८ला फोन करून जिल्हा रुग्णालयात.

पहिल्या भेटीनंतर बहुधा प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांचा ठरावीक दिवसांचा कोर्स आणि लोहाच्या गोळ्या मिळतील. लोहाची गोळी चहासोबत किंवा कॅल्शियमसोबत घेऊ नका, शोषलं जात नाही. शौचाला काळं होतं ते अपेक्षितच आहे. हार्मोनच्या कोर्सबद्दल खोलीतून उठायच्या आधी दोन गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्या: शेवटची गोळी कोणत्या तारखेला, आणि त्यानंतर किती दिवसांत रक्त यायला हवं. ते रक्त जास्त गेलं तरी घाबरून नव्या गोळ्या सुरू करू नका, जुनं साठलेलं अस्तर सुटत असतं. मात्र तासाला पॅड भिजण्याचा वरचा नियम तेव्हाही लागू. कोर्स संपून दोन आठवडे झाले तरी काहीच आलं नाही, तर लघवीची तपासणी पुन्हा करून डॉक्टरला कळवा.